आरोपीचा भूतकाळ दोनदा मोजू नका: नागपूरच्या तपास अधिकाऱ्यांना आणि सरकारी अभियोक्त्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण पोलीस दलातील सर्व तपास अधिकारी,
तसेच जिल्ह्यातील फौजदारी न्यायालयांत काम करणारे सहायक सरकारी अभियोक्ते

सन्माननीय अधिकारी आणि अभियोक्ता मित्रहो,

सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात मी फौजदारी बाजूला वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. त्यामुळे या पत्रात बचाव पक्षाचा सूर ऐकू येईल. पण मी जे मागते आहे त्याचा फायदा तुमच्या केसलाही आहे, आणि ते कायद्याच्या पुस्तकात सव्वाशेहून अधिक वर्षांपासून लिहिलेलेच आहे.

विषय आहे दोषारोपपत्रात, पंचनाम्यात आणि तुमच्या सरतपासणीत सर्रास येणाऱ्या एका वाक्याचा: "सदर आरोपी हा रेकॉर्डवरील सराईत गुन्हेगार असून त्याच्याविरुद्ध यापूर्वी अमुक गुन्हे दाखल आहेत." हे वाक्य जामिनाच्या 'से'मध्ये चालते. शिक्षेच्या सुनावणीत चालते. गुन्हा सिद्ध करण्याच्या टप्प्यावर मात्र त्याला जागा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ४९ सांगते की फौजदारी कार्यवाहीत आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य सुसंगत नाही. अपवाद एकच: आरोपीनेच आपल्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला असेल तर. जुन्या १८७२च्या कायद्यात हेच कलम ५४ होते.

हा नियम काही पुस्तकी सोवळेपणातून आलेला नाही, त्यामागे अनुभव आहे. १८७२च्या मूळ कलम ५४ मध्ये आरोपीला पूर्वी शिक्षा झाल्याची बाब सुसंगत मानली होती. म्हणजे सुरुवातीला आपल्याकडे जुनी शिक्षा थेट पुराव्यात आणता येत होती. १८९१ साली त्या कलमाच्या जागी नवे कलम आले आणि हा दरवाजा बंद झाला. परकीय सत्तेने, तेही 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा राबवत असताना, आपल्याच पोलिसांच्या हातातून हे हत्यार काढून घेतले, याचा आपण नीट विचार करायला हवा.

कारण मी ज्या गोष्टीला भूतकाळ दोनदा मोजणे म्हणते आहे, ती इथेच घडते. मानेवाड्यात रात्री घरफोडी होते. डीबी पथक पहिल्यांदा काय करते? परिसरातले रेकॉर्डवरचे लोक तपासते. कोण तुरुंगातून सुटला, कोण सध्या कुठे राहतो, कोणाची पद्धत अशी आहे. यात गैर काही नाही. तपास असाच सुरू होतो. पण याचा अर्थ असा की जो माणूस शेवटी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, तो तिथे पोहोचण्याचे एक कारणच त्याचा भूतकाळ आहे. ज्याच्यावर जुने गुन्हे नाहीत, तो तुमच्या यादीतच नव्हता. आता न्यायालयात तुम्ही पुन्हा म्हणता, "बघा, याच्यावर जुने गुन्हे आहेत, म्हणजे यानेच केले असणार." ज्या गोष्टीमुळे त्याला निवडले, तीच गोष्ट निवड बरोबर होती याचा पुरावा म्हणून पुढे येते. भूतकाळाने संशय का आला ते समजते. त्या रात्री त्या घरात कोण शिरले ते त्यातून समजत नाही.

एक खटला सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊन बघू. तो मी समजावण्यासाठी रचला आहे. त्यातला कोणीही खरा माणूस नाही.

मानेवाड्यातले एक कुटुंब लग्नाला गेलेले असताना रात्री कुलूप तोडून चोरी होते. सोन्याची एक पाटली, एक गोफ आणि काही रोख रक्कम जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१(४) आणि ३०५ खाली गुन्हा नोंदवला जातो. आठव्या दिवशी दिघोरीला राहणाऱ्या, वेल्डिंगच्या दुकानात कामाला असलेल्या चौतीस वर्षांच्या माणसाला अटक होते. त्याच्यावर आधीचे चार गुन्हे आहेत: एकात २०१६ साली शिक्षा, दोनांत निर्दोष सुटका, एक प्रलंबित. कोठडीत असताना तो निवेदन देतो, पंच आणि पोलीस त्याच्या घरी जातात, धान्याच्या डब्यातून पाटली निघते. गोफ आणि रोख मिळत नाही. गल्लीतल्या कॅमेऱ्यात दोन आकृत्या दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

यात खरा पुरावा कोणता? पाटली. चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्या ताब्यात सापडतो आणि जो त्याचा खुलासा देऊ शकत नाही, तो एकतर चोर आहे किंवा चोरीचा माल आहे हे माहीत असताना त्याने तो घेतला आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मधले पहिलेच उदाहरण हे आहे. आठ दिवस हा काळ त्यासाठी पुरेसा जवळचा आहे. म्हणजे केसचा सगळा भार तीन गोष्टींवर आला: पाटली खरोखर त्याच्या घरातून निघाली का, ती फिर्यादीचीच आहे का, आणि त्या घरात ती ठेवणारा तोच होता का. तुमचा वेळ इथे जायला हवा. सराफाची पावती आहे का, पाटलीवर घडणावळीची खूण आहे का, घरात आणखी कोण राहते, पंच ऐनवेळी मिळालेले रोजचेच आहेत की त्या वस्तीतले, मुद्देमाल जागेवर सीलबंद झाला का.

प्रत्यक्षात मी जी दोषारोपपत्रे वाचते, त्यांत घडणावळीच्या खुणेबद्दल एक ओळ नसते आणि पूर्वेतिहासावर अर्धे पान असते.

हे अर्धे पान तीन वाटांनी पुराव्यात झिरपते. पहिली वाट म्हणजे निवेदन पंचनामा. त्यात आरोपीच्या तोंडी वाक्य असते: "मी यापूर्वीही अशा घरफोड्या केल्या असून ही पाटली मी डब्यात लपवली आहे, ती काढून देतो." कलम २३ च्या परंतुकाप्रमाणे यातला फक्त तेवढाच भाग चालतो ज्यामुळे वस्तू सापडली: डब्यात लपवलेली पाटली काढून देतो. "यापूर्वीही केल्या" हा भाग पोलिसांपुढची कबुली आहे आणि वाईट चारित्र्यही, म्हणजे दोन्ही कारणांनी बाद. अभियोक्त्यांनी पंचाला ते संपूर्ण वाक्य वदवून घेतले की निकालपत्रात त्या पंचनाम्याची चिरफाड होते, आणि पाटलीचा चांगला पुरावाही त्यासोबत संशयाखाली येतो.

दुसरी वाट ओळख पटवण्याची. समजा शेजाऱ्याने त्या रात्री कोणाला पळताना पाहिले. ठाण्यात त्याला गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला जातो, तो एकावर बोट ठेवतो, आणि मग तुरुंगात ओळखपरेड होते. उलटतपासणीत अल्बमची गोष्ट बाहेर आली की दोन नुकसाने एकदम होतात. न्यायालयाला कळते की आरोपीचा फोटो पोलिसांच्या अल्बममध्ये होता. आणि परेडलाही किंमत उरत नाही, कारण साक्षीदाराने रात्री पाहिलेला चेहरा ओळखला की अल्बममधला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

तिसरी वाट तपास अधिकाऱ्याची स्वतःची साक्ष. "गुप्त बातमीदाराकडून माहिती मिळाली की रेकॉर्डवरील गुन्हेगार अमुक याने..." इथे मी माझ्या बाजूच्या वकिलांनाही दोष देईन. "आरोपी सज्जन माणूस आहे, हे खरे आहे ना?" असा प्रश्न तपास अधिकाऱ्याला विचारणारा बचावाचा वकील स्वतःच्या हाताने दार उघडतो आणि मग उत्तर आले की चिडतो.

आता ते दार नीट उघडते तेव्हा काय होते ते पाहू. बचाव पक्ष वेल्डिंगच्या दुकानाच्या मालकाला साक्षीला आणतो. तो सांगतो, "पाच वर्षे हा माझ्याकडे आहे. वागायला सरळ, प्रामाणिक माणूस म्हणूनच सगळे त्याला ओळखतात." कलम ४७ प्रमाणे आरोपीचे चांगले चारित्र्य सुसंगत आहे, तेव्हा ही साक्ष चालते. पण त्याच क्षणी कलम ४९ चा अपवाद लागू होतो आणि अभियोक्त्यांना प्रत्युत्तराचा हक्क मिळतो. या प्रत्युत्तरात काय देता येते, याबद्दल दोन्ही बाजूंना गोंधळ दिसतो.

चारही गुन्ह्यांची यादी देता येत नाही. कलम ४९ चे स्पष्टीकरण फक्त पूर्वीच्या दोषसिद्धीला वाईट चारित्र्याचा पुरावा मानते. दोन खटल्यांत तो निर्दोष सुटला आहे; ते खटले त्याच्याविरुद्ध काहीच सांगत नाहीत. प्रलंबित खटला हा अजून आरोपच आहे. उरतो २०१६चा निकाल. तोही ठाण्याच्या संगणकावरून काढलेल्या कागदाने सिद्ध होत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३४ प्रमाणे त्या न्यायालयाच्या अभिलेखाचा प्रमाणित उतारा लागतो, किंवा शिक्षा जिथे भोगली त्या तुरुंगाधिकाऱ्याचा सहीचा दाखला, किंवा ज्या वॉरंटखाली शिक्षा भोगली ते वॉरंट. आणि यातल्या प्रत्येकासोबत, तेव्हा शिक्षा झालेला माणूस आणि आजचा आरोपी एकच आहेत याचा पुरावा. नाव आणि वडिलांचे नाव जुळते एवढ्यावर ही ओळख गृहीत धरली जाते. एकाच वस्तीत एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन माणसे असणे आपल्याकडे नवलाचे नाही. बोटांचे ठसे किंवा त्या वेळचा अधिकारी, काहीतरी ठोस हवे.

दोषसिद्धी सोडली तर चारित्र्याबद्दल फक्त सर्वसाधारण लौकिक आणि सर्वसाधारण स्वभाव सांगता येतो, सुट्या घटना नाहीत. कलम ५० चे स्पष्टीकरण हेच सांगते. हा नियम दुकानमालकालाही लागू आहे. त्याने "एकदा गल्ल्यात जास्त आलेले पाचशे रुपये याने परत दिले" अशी गोष्ट सांगायला सुरुवात केली तर अभियोक्त्यांनी हरकत घ्यावी.

आणि हे सगळे करून हाती किती येते? सर्वोच्च न्यायालयाने भगवान स्वरूप विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात म्हटले आहे की चारित्र्याचा पुरावा फार दुबळा असतो. थेट पुराव्यापुढे तो टिकत नाही, पण पारडे दोलायमान असेल तेव्हा आरोपीच्या बाजूने झुकवू शकतो. मालकाच्या साक्षीने पाटली नाहीशी होत नाही. २०१६च्या निकालानेही पाटली जास्त चमकत नाही. त्या निकालाचे काम मालकाची साक्ष खोडण्याचे. ते झाले की ते संपले.

तुमच्यापैकी कोणीतरी इथे विचारेल, आणि विचारायलाच हवे: पद्धत तीच असेल तर? दर वेळी मागच्या खिडकीचे गज तसेच कापलेले, दर वेळी लग्नाचे घर. हा स्वभावाचा प्रश्न नसून वेगळा प्रश्न आहे, आणि त्याची जागा साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२ आणि १३ मध्ये आहे. तिथले एक उदाहरण मला फार उपयोगी वाटते. 'अ'वर 'ब'ला जाणूनबुजून गोळी घालून मारल्याचा खटला आहे. 'अ'ने याआधी 'ब'वरच गोळी झाडली होती, हे सुसंगत आहे, कारण त्यातून 'ब'बद्दलचा हेतू कळतो. 'अ'ला लोकांवर जीवे मारण्याच्या हेतूने गोळ्या झाडण्याची सवयच आहे, हे मात्र सुसंगत नाही. सीमारेषा एवढी बारीक आणि एवढी स्पष्ट आहे. आपल्या खटल्यात दिघोरीच्या त्या डब्यातून पाटलीसोबत आणखी तीन घरफोड्यांचे दागिने निघाले असते, तर चोरीचा माल बाळगल्याच्या आरोपात ते नक्कीच आणता आले असते. माल चोरीचा आहे हे त्याला माहीत होते, हे त्यातून दिसते. पण २०१६ साली त्याने चोरी केली होती, यातून २०२५ मध्ये त्याच्या मनात काय होते ते दिसत नाही. भूतकाळातली घटना या प्रसंगातल्या हेतूला, ज्ञानाला किंवा अपघाताच्या बचावाला थेट भिडत असेल तर आणा, आणि ती कशाला भिडते ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता आले नाही तर तो पुरावा चारित्र्याचाच आहे.

"मग सराईत माणूस आणि पहिल्यांदा चुकलेला पोरगा, दोघे सारखेच?" नाही. कायदा त्यांना वेगळे वागवतो, पण योग्य वेळी. जामिनाच्या वेळी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८० पूर्वीच्या दोषसिद्धीकडे पाहते. दोष सिद्ध झाल्यावर न्याय संहितेच्या कलम १३ खाली मालमत्तेच्या गंभीर गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तिथेही नागरिक सुरक्षा संहिता केवढी काळजी घेते ते पाहा: सत्र न्यायालयासाठी कलम २५९ आणि मॅजिस्ट्रेटसाठी कलम २७१(३) सांगते की वाढीव शिक्षेसाठी जुनी दोषसिद्धी दोषारोपात लिहिलेली असली, तरी आरोपी या गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत ती वाचून दाखवायची नाही आणि अभियोग पक्षाने तिचा उल्लेखही करायचा नाही. चांगल्या वर्तणुकीच्या हमीच्या कार्यवाहीत तर कलम १३५(४) प्रमाणे माणूस सराईत आहे हे सर्वसाधारण लौकिकानेही सिद्ध करता येते. तडीपारीचे अधिकार आहेतच. साधने कमी नाहीत. ती एकमेकांत मिसळू नयेत एवढेच.

दिवाणी बाजूला नियम याहून कडक आहे. समजा याच माणसाचा घरमालक भाडे थकल्याचा दावा लावतो. "हा चोर आहे, म्हणजे भाडेही बुडवले असणार," असे त्याला म्हणता येत नाही, आणि "मी प्रामाणिक आहे, म्हणजे भाडे दिलेच असणार," असे भाडेकरूलाही म्हणता येत नाही. साक्ष्य अधिनियमाचे कलम ४६ दोन्ही तोंडे बंद करते. फरक पडतो तो नुकसानभरपाईच्या रकमेत. शिक्षा होण्याआधीच एखाद्या वर्तमानपत्राने त्याला "अट्टल चोरटा" छापले आणि त्याने बदनामीचा दावा केला, तर किती भरपाई द्यायची हे ठरवताना कलम ५० प्रमाणे त्याचा लौकिक पाहता येतो.

एक आक्षेप मला अभियोक्त्यांकडून नेहमी ऐकू येतो: आपल्याकडे ज्युरी नाही, न्यायाधीश प्रशिक्षित असतात, ते असंबद्ध मजकूर बाजूला ठेवतात. मला न्यायाधीशांवर विश्वास आहे. पण घरफोडीच्या खटल्यात ज्या मॅजिस्ट्रेटसमोर कोठडीची मागणी येते आणि जामिनाचा 'से' येतो, पुढे पुष्कळदा त्याच न्यायालयात साक्षीपुरावा होतो. अर्धे पान पूर्वेतिहास त्यांनी आधीच वाचलेला असतो. तोच दोषारोपपत्रात, पंचनाम्यात आणि साक्षीत पुन्हा पुन्हा वाचायला लावणे हे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. शिवाय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६९ प्रमाणे चुकीचा पुरावा घेतला गेला म्हणून निकाल आपोआप उलटत नाही. उरलेला पुरावा पुरेसा असेल तर तो टिकतो. म्हणजे या चुकीवर इलाज अपिलात मिळेलच असे नाही. ती आधीच थांबवावी लागते, आणि ते तुमच्या हातात आहे.

विदर्भात हा विषय आणखी एका कारणाने जिव्हाळ्याचा आहे. पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या माणसाच्या बाबतीत 'सराईत' हा शिक्का पुष्कळदा दोषसिद्धीवरून येत नाही. १८७१च्या कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवले, १९५२ साली तो कायदा गेला, पण बेड्यावर जाऊन चौकशीला उचलण्याची सवय ठाण्यांत राहिली. प्रत्येक उचलण्याची नोंद होते आणि नोंदींची संख्या पुढच्या वेळी पूर्वेतिहास म्हणून येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना स्पष्ट बजावले. त्याच वर्षीच्या अमानतुल्ला खान प्रकरणात हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो जाहीर करायचा नाही, असेही सांगितले. एखाद्या पारधी तरुणावर सात गुन्हे "दाखल" असतील आणि एकातही शिक्षा नसेल, तर त्याचा अर्थ सात वेळा त्याच्यावर संशय घेतला गेला एवढाच होतो.

माझी मागणी छोटी आहे. पूर्वेतिहासाचा तक्ता स्वतंत्र कागदावर ठेवा आणि तो फक्त कोठडी आणि जामिनाच्या कामात वापरा. त्यात "दाखल" या शब्दापुढे न थांबता प्रत्येक गुन्ह्यापुढे सद्यस्थिती लिहा: तपासावर, प्रलंबित, निर्दोष, शिक्षा, आणि शिक्षा असेल तर निकालाची तारीख व न्यायालय. पंचनामा, जबाब आणि दोषारोपपत्राच्या मुख्य मजकुरातून "सराईत" आणि "रेकॉर्डवरील" हे शब्द काढा. अभियोक्त्यांनी दोषारोपपत्र छाननीला येते तेव्हाच हा मजकूर लाल शाईने खूण करून परत पाठवावा, आणि निवेदन पंचनाम्यातला चालणारा भाग कोणता ते पंचाची साक्ष सुरू होण्यापूर्वी अधोरेखित करून ठेवावा. पोलीस आयुक्त आणि ग्रामीणचे पोलीस अधीक्षक यांनी या अर्थाचे एक पानी परिपत्रक काढले तर ते सगळ्या ठाण्यांत पोहोचेल. त्याचा मसुदा करून द्यायला मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत. जिल्हा न्यायालयातल्या तुमच्याच अभियोक्ता कक्षात बसून, तुमच्या आणि आमच्या दोन्ही बाजूंच्या हरकती ऐकून तो पक्का करता येईल.

आपली नम्र,
नागपूर जिल्हा न्यायालयात वकिली करणारी एक वकील